आधी घडले ते आधी वाचावे का?

आयझॅक असिमॉव्ह यांचे ‘प्रील्यूड टु फाउंडेशन’ हे पुस्तक १९८८मध्ये बाजारात आले. कथा सुरू होण्यापूर्वी त्यात लेखकाचे एक लहानसे टिपण आहे. आपली पुस्तके ज्या क्रमाने वाचायला हवीत त्या क्रमाने लिहिली गेली नाहीत, असे त्यात ते सांगतात आणि स्वतःच्या चौदा पुस्तकांची यादी देतात. यादी कथेतल्या काळानुसार लावलेली आहे. सुरुवातीला यंत्रमानवांच्या कथा, मग यंत्रमानवांच्या कादंबऱ्या, मग आकाशगंगेतल्या साम्राज्याच्या कादंबऱ्या आणि शेवटी ‘फाउंडेशन’ची पुस्तके. ‘प्रील्यूड’ या यादीत नववे आहे आणि १९५१चे मूळ ‘फाउंडेशन’ दहावे.

इतकी मोठी मालिका हाती घेणाऱ्याला वाटते की खुद्द लेखकानेच क्रम लावून दिला आहे, आता शंका कसली? तरीही ज्यांनी ही मालिका दोनदा-तीनदा वाचली आहे, त्यांतले बरेच जण नव्या वाचकाला या यादीपासून सुरुवात करू नकोस असेच सांगतात. तो सल्ला योग्य का आहे, हे समजायला ही पुस्तके कशी आणि कोणत्या क्रमाने लिहिली गेली ते पाहावे लागते.

ऑगस्ट १९४१मध्ये एकवीस वर्षांचे असिमॉव्ह ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या अमेरिकन मासिकाचे संपादक जॉन कॅम्बेल यांच्या भेटीला निघाले होते. वाटेत त्यांना कल्पना सुचली, ती एका विशाल साम्राज्याच्या पडझडीची. कॅम्बेल यांना ती इतकी आवडली की एका कथेऐवजी त्यांनी कथामालाच मागितली. पहिली कथा मे १९४२च्या अंकात छापली गेली आणि शेवटची १९५०च्या आरंभी संपली. या कथांचा पाया एका काल्पनिक शास्त्रावर आहे. हॅरी सेल्डन नावाचा गणिती लाखो-कोटी माणसांच्या समूहाचे भविष्य गणिताने मांडतो. साम्राज्य कोसळणार आणि त्यानंतर तीस हजार वर्षे अंदाधुंदी माजणार, असे त्याला दिसते. हा काळ एक हजार वर्षांवर आणण्यासाठी तो आकाशगंगेच्या कडेला, टर्मिनस नावाच्या ग्रहावर, शास्त्रज्ञांची एक वसाहत स्थापतो. तीच फाउंडेशन. दुसरी एक फाउंडेशनही आहे, पण ती नेमकी कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.

मासिकातल्या या कथा पुढे नोम प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेने १९५१, १९५२ आणि १९५३ या तीन वर्षांत तीन पुस्तकांत छापल्या. ‘फाउंडेशन’, ‘फाउंडेशन अँड एम्पायर’ आणि ‘सेकंड फाउंडेशन’ हीच ती प्रसिद्ध त्रयी. त्यानंतर असिमॉव्ह यांनी जवळजवळ तीस वर्षे या मालिकेत भर घातली नाही. यंत्रमानवांच्या कथा-कादंबऱ्या ते लिहीत होते, पण ते जग वेगळे होते. ‘फाउंडेशन’च्या जगात यंत्रमानवाचा मागमूसही नव्हता.

१९८०च्या दशकाच्या आरंभी प्रकाशकांनी त्यांना पुन्हा ‘फाउंडेशन’कडे वळवले. पुढची कादंबरी लिहिण्याआधी त्यांनी आपलीच जुनी त्रयी वाचून काढली. त्यात काही घडतच नाही, नुसती माणसे बोलत बसतात, असे त्यांना जाणवले. तरी त्यांनी ‘फाउंडेशन्स एज’ (१९८२) लिहिली आणि ती खूप खपली. मग ‘द रोबोट्स ऑफ डॉन’ (१९८३), ‘रोबोट्स अँड एम्पायर’ (१९८५) आणि ‘फाउंडेशन अँड अर्थ’ (१९८६) आल्या. या चार पुस्तकांत त्यांनी आपली दोन वेगळी जगे एकत्र शिवायला घेतली. ‘फाउंडेशन अँड अर्थ’पर्यंत पोहोचल्यावर कथा पुढे कशी न्यायची हे त्यांना सुचेना. म्हणून ते मागे वळले. हॅरी सेल्डनच्या तरुणपणाची ‘प्रील्यूड’ आणि त्याच्या प्रौढपणापासून मृत्यूपर्यंतची ‘फॉरवर्ड द फाउंडेशन’ या दोन पूर्वकथा त्यांनी लिहिल्या. एप्रिल १९९२मध्ये ते वारले. ‘फॉरवर्ड’ १९९३मध्ये प्रसिद्ध झाली.

थोडक्यात, कथेच्या काळात ‘फाउंडेशन’च्या आधी येणारी ही दोन पुस्तके प्रत्यक्षात चाळीस वर्षांनंतर लिहिलेली आहेत. एवढा मोठा खंड पडल्यावर लेखक नव्या पुस्तकात काय करतो? जुन्या पुस्तकांनी उघडे ठेवलेले प्रश्न तो सोडवतो. यंत्रमानवांच्या जगातून ‘फाउंडेशन’चे जग निर्माण झाले असेल, तर मधल्या काळात यंत्रमानव गेले कुठे? १९५०च्या ‘पेबल इन द स्काय’मध्ये पृथ्वी किरणोत्सारी होऊन बसली आहे, ती तशी का झाली? सेल्डनचे शास्त्र अमलात आणण्याजोगे कसे झाले? दुसरी फाउंडेशन कुणी आणि कशी उभारली? नंतरची पुस्तके या प्रश्नांची उत्तरे देतात. उत्तर ऐकण्यात गंमत असते ती आधी प्रश्न पडलेला असतो म्हणून. कालक्रमाने वाचणाऱ्याला उत्तरे आधी मिळतात आणि ज्या पुस्तकांनी प्रश्न विचारले ती नंतर हाती येतात.

याचे सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे त्रयीतले तिसरे पुस्तक, ‘सेकंड फाउंडेशन’. ते सगळे एकाच शोधावर उभे आहे. दुसरी फाउंडेशन कुठे आहे? पहिल्या भागात एक जण ती शोधतो, दुसऱ्या भागात दुसरे लोक शोधतात. प्रत्येक पात्र आपापला तर्क लढवते, तो पटतो आणि मग खोटा ठरतो. खरे उत्तर पुस्तकाच्या अगदी शेवटी येते आणि सेल्डनने ते सुरुवातीपासून कसे डोळ्यांसमोर ठेवले होते हे कळल्यावर वाचक चकित होतो. आता ‘फॉरवर्ड द फाउंडेशन’ पाहा. ती सेल्डनची कहाणी असल्यामुळे दुसऱ्या फाउंडेशनची जुळवाजुळव आपल्या डोळ्यांदेखत होते. ती कुठे आणि कोणत्या माणसांच्या बळावर उभी राहिली हे लपवायचे कारणच लेखकाला उरलेले नाही, कारण हे त्याच्या वाचकाला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. कालक्रमाने जाणारा मात्र ‘सेकंड फाउंडेशन’ उघडतो तेव्हा त्याच्या खिशात उत्तर असते. मग पात्रांचे चुकीचे तर्क त्याला कंटाळवाणे वाटतात आणि शेवटचा धक्का बसतच नाही.

‘प्रील्यूड’मध्येही असेच एक गुपित आहे. तिथे एक पात्र वेगळ्या नावाने वावरते आणि त्याची खरी ओळख शेवटी उघड होते. ते कोण हे मी इथे सांगत नाही. ती ओळख यंत्रमानवांच्या कादंबऱ्यांशी जोडलेली आहे. त्या न वाचता ‘प्रील्यूड’ वाचणाऱ्याला शेवटी एक नाव कळते, पण त्या नावाला काही वजन नसते. ‘फाउंडेशन अँड अर्थ’ आधी वाचलेल्याला मात्र त्या एका नावाने मागची अनेक पुस्तके नव्याने उलगडतात. २०२१पासून सुरू झालेली ‘फाउंडेशन’ ही दूरचित्रमालिका पाहिलेल्यांना हे गुपित आधीच समजलेले असते. मालिकेच्या कर्त्यांनी ते झाकून ठेवलेलेच नाही.

गुपिते फुटणे एवढाच तोटा असता तर तो सोसता आला असता. पात्राची उंचीही क्रमावर ठरते. मूळ ‘फाउंडेशन’मध्ये हॅरी सेल्डन एकाच प्रकरणात जिवंत भेटतो, तोही वृद्ध, चाकाच्या खुर्चीत नसला तरी आयुष्याच्या अखेरीला आलेला. त्यानंतर तो दिसतो तो आधीच मुद्रित करून ठेवलेल्या प्रतिमेत. काही दशकांनी एकदा, संकटाच्या ऐन क्षणी, ही प्रतिमा प्रकट होते आणि काय घडले असेल ते सांगते. फाउंडेशनमधली माणसे त्याला जवळजवळ प्रेषित मानतात आणि वाचकालाही तो तसाच वाटू लागतो. म्हणूनच ज्या एका प्रसंगी ही प्रतिमा चुकीचे बोलते, तो प्रसंग अंगावर येतो. ‘प्रील्यूड’मध्ये हाच सेल्डन बत्तीस वर्षांचा आहे. ट्रँटर या राजधानीच्या ग्रहावर तो एका परिषदेत शोधनिबंध वाचायला येतो, सम्राटाच्या नजरेत भरतो आणि पकडले जाण्याच्या भीतीने या भागातून त्या भागात पळत राहतो. आपले गणित तत्त्वतः बरोबर असले तरी व्यवहारात ते कधी उपयोगी पडेल असे त्यालाच वाटत नाही. आधी प्रेषित पाहिलेल्या वाचकाला हा घाबरलेला, चुकणारा, हट्टी तरुण पाहताना मौज वाटते, कारण पुढे काय होणार हे त्याला माहीत असते आणि सेल्डनला नसते. आधीच तरुण सेल्डनच्या सोबतीने पळालेल्या वाचकाला मात्र नंतर तो प्रेषित वाटणे कठीण जाते.

तिसरी अडचण लिखाणाच्या वयाची आहे. कालक्रमाने वाचले तर ‘फॉरवर्ड’ नंतर लगेच ‘फाउंडेशन’ येते. कथेत मध्ये फारसा काळ जात नाही, पण वाचक १९९३मधून थेट १९४०च्या दशकात पडतो. आधीच्या पुस्तकांत संगणक असतात, बायका कथेच्या केंद्राशी असतात, प्रसंग विस्ताराने रंगवलेले असतात. नंतरच्यात माणसे तंबाखू ओढतात, अणुऊर्जा ही प्रगतीची परिसीमा असते, सुरुवातीच्या कथांत बायका जवळजवळ नसतातच आणि एकेक संकट काही पानांच्या संभाषणात मिटते. जग पुढे जाण्याऐवजी मागे गेले, असे वाटत राहते. प्रकाशनक्रमाने वाचणाऱ्याला हे खटकत नाही. जुन्या कथा तो जुन्या म्हणून स्वीकारतो आणि लेखक पुढे कसा बदलत गेला ते पाहत जातो.

मूळ कथा मासिकात सुट्या छापल्या जात होत्या, हेही लक्षात ठेवायला हवे. मागच्या कथेला कधी कधी दोन वर्षेही झालेली असायची, म्हणून प्रत्येक नव्या कथेत मागचे थोडे सांगावे लागे. हे सांगणे कथेत बेमालूम मिसळवता मिसळवता असिमॉव्ह शेवटी शेवटी कंटाळले आणि मालिका थांबवण्याचे तेही एक कारण होते. म्हणजे वाचकाला कोणत्या क्षणी किती माहिती आहे, याचा हिशेब लेखकाने प्रत्येक कथेत मांडलेला आहे. क्रम बदलला की तो हिशेब चुकतो.

पूर्वकथा आधी वाचूच नये, असा नियम मात्र यातून निघत नाही. खुद्द ‘फाउंडेशन’चे पहिले प्रकरणच एक पूर्वकथा आहे! १९४२ची पहिली कथा टर्मिनसचा महापौर सॅल्व्हर हार्डिन याची होती. गाल डॉर्निक हा तरुण गणिती प्रथमच ट्रँटरवर उतरतो आणि सेल्डनवरच्या खटल्यात ओढला जातो, ते प्रकरण मासिकात कधीच आले नव्हते. पुस्तक निघताना सुरुवात नीट व्हावी म्हणून ते मागाहून लिहिले गेले. तरीही ते पहिल्या जागी चपखल बसते. गाल डॉर्निकला ट्रँटरची काहीच माहिती नाही आणि वाचकालाही नाही. दोघे एकत्रच ते अवाढव्य, छताखालचे शहर पाहतात, सेल्डन काय म्हणतो ते ऐकतात, आणि प्रकरण संपते तेव्हा त्यांच्यासमोर प्रश्न जास्त असतात, उत्तरे कमी. ‘प्रील्यूड’ आणि ‘फॉरवर्ड’चे नेमके उलटे आहे. त्यांतला ताण वाचकाच्या आधीच्या माहितीवर चालतो. पूर्वकथेची जागा ठरवताना तिच्यातले साल पाहण्यापेक्षा ती कोणत्या वाचकाला समोर धरून लिहिली आहे, हे पाहिले तर फसायला होत नाही.

नार्नियाच्या सात पुस्तकांवरून इंग्रजी वाचकांत हाच वाद वर्षानुवर्षे चालू आहे. सी. एस. लुईस यांचे ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ १९५०मध्ये आले. त्यात बर्फाळ जंगलाच्या मधोमध एक दिव्याचा खांब उभा दिसतो आणि तो तिथे का आहे, हे कुणी सांगत नाही. ते सांगणारे ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ सहावे पुस्तक म्हणून १९५५मध्ये आले. कथेतल्या काळानुसार ते पहिले. १९५७मध्ये एका अमेरिकन मुलाला लिहिलेल्या पत्रात लुईस यांनी कालक्रमाच्या बाजूने कौल दिला, पण कोणत्याही क्रमाने वाचले तरी बहुधा फार फरक पडत नाही, असेही त्याच पत्रात लिहिले. १९९४पासून प्रकाशकांनी या पुस्तकांवर कालक्रमानुसार आकडे छापायला सुरुवात केली, आणि आज बाजारात संच घेणाऱ्या पालकाच्या हातात ‘१’ म्हणून ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ पडते. खांबाचे कोडे मुलांना पडण्याआधीच सुटून जाते.

लेखकानेच कालक्रम सांगितला आहे, मग आपण कोण त्याला छेद देणारे, असा आक्षेप येतो. पण लेखकाची यादी म्हणजे बऱ्याचदा त्याच्या मनातल्या इतिहासाची नोंद असते. पहिल्यांदा वाचणाऱ्याला काय वाटेल, हे त्याला आता कळणे अवघड असते, कारण तो स्वतः कधीच पहिल्यांदा वाचणारा नव्हता. शिवाय असिमॉव्ह यांची यादी कालक्रम म्हणूनही निर्दोष नाही. साम्राज्याच्या तीन कादंबऱ्यांत त्यांनी ‘द करंट्स ऑफ स्पेस’ आधी आणि ‘द स्टार्स, लाइक डस्ट’ नंतर ठेवली आहे. पुस्तकांतल्या खुणा मात्र उलट सांगतात. ‘द करंट्स ऑफ स्पेस’मध्ये ट्रँटरने जवळजवळ अर्धी आकाशगंगा काबीज केलेली आहे, तर ‘द स्टार्स, लाइक डस्ट’च्या काळात ट्रँटरचा असा दबदबा कुठेच दिसत नाही. मालिका एकत्र आखलेली नव्हती, टप्प्याटप्प्याने जोडलेली होती, याचा हा साधा पुरावा आहे.

प्रकाशनक्रमाच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा शेवटाचा आहे. कालक्रमाने वाचणाऱ्याचे शेवटचे पुस्तक ‘फाउंडेशन अँड अर्थ’. हजार वर्षांची योजना तिथे अर्ध्यावरच आहे आणि शेवटच्या पानांवर एक नवीच शंका उभी राहते, जिचे उत्तर असिमॉव्ह यांनी कधी लिहिले नाही. प्रकाशनक्रमाने जाणाऱ्याचे शेवटचे पुस्तक ‘फॉरवर्ड द फाउंडेशन’. त्यात सेल्डन म्हातारा होतो, एकामागून एक आपली माणसे गमावतो आणि काम पुरे करतो. लेखकाने ते आपल्या आयुष्याच्या शेवटच्या काळात लिहिले. पहिल्या मार्गावर मालिका तुटते, दुसऱ्यावर ती संपते.

प्रत्यक्षात सुरुवात करायची तर असे करावे. आधी ‘फाउंडेशन’, ‘फाउंडेशन अँड एम्पायर’ आणि ‘सेकंड फाउंडेशन’. इथे थांबलात तरी काही अपुरे राहत नाही, आणि अनेक जण इथेच थांबतात. पुढे जायचे असेल तर ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ (१९५४) आणि ‘द नेकेड सन’ (१९५७) या यंत्रमानवांच्या दोन कादंबऱ्या वाचाव्यात. त्या गुप्तहेरकथांसारख्या आहेत आणि सहज वाचून होतात. त्यांच्यानंतर १९८०च्या दशकातली चार पुस्तके ती निघाली त्याच क्रमाने घ्यावीत. ‘फाउंडेशन अँड अर्थ’मधली पात्रे ‘द नेकेड सन’मधल्या एका ग्रहावर जाऊन पोहोचतात, आणि तो ग्रह ओळखीचा असला तर त्या प्रकरणाचा रंग बदलतो. शेवटी ‘प्रील्यूड’ आणि ‘फॉरवर्ड’. साम्राज्याच्या तीन कादंबऱ्या मधे कुठेही वाचता येतात, फक्त ‘पेबल इन द स्काय’ ही ‘रोबोट्स अँड एम्पायर’च्या आधी वाचावी, म्हणजे पृथ्वीचे कोडे आधी पडेल आणि मग सुटेल. असिमॉव्ह यांच्यानंतर इतर लेखकांनी लिहिलेली तीन पुस्तके याच्याही नंतरची.

कालक्रमाची यादी फेकून देऊ नका. दुसऱ्या वाचनासाठी ती उत्तम आहे. सगळी गुपिते ठाऊक असताना सेल्डन बत्तिशीपासून म्हातारपणापर्यंत सलग भेटतो आणि दोन जगांची शिवण कुठे घट्ट आहे, कुठे उसवली आहे, ते दिसते. पहिल्या वाचनाला मात्र दुकानातल्या पुस्तकाच्या पाठीवरच्या आकड्यावर विसंबू नका. मुखपृष्ठानंतरच्या छपाईच्या पानावर पहिल्या प्रकाशनाचे साल असते. ते पाहा आणि जे साल जुने, ते पुस्तक आधी उचला.